स्टेप-अप गृहकर्ज: 14 हप्त्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये पुनावळ्यात टू बीएचके घेतला. तेव्हा हातात येणारा पगार 62 हजार आणि बाइकच्या कर्जाचा 4,500चा हप्ता चालू. पगाराच्या 55 टक्क्यांपर्यंत हप्ते चालतील असा बँकेचा हिशोब होता, म्हणजे घरासाठी उरले 29,600. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर त्यात 34 लाखांच्या आसपासच कर्ज बसतं. मला हवे होते 40 लाख, ज्याचा हप्ता 34,713 होतो.

मग त्यांनी स्टेप-अप सुचवलं. पहिली तीन वर्षं फक्त व्याज, 28,333 रुपये, आणि उरलेली 17 वर्षं पूर्ण हप्ता. 28,333 हे 29,600च्या आत बसतात, त्यामुळे 40 लाख मंजूर. ‘तुमचं वय काय, पगार तर वाढणारच आहे,’ असं साहेब म्हणाले. मलाही तेच ऐकायचं होतं.

कागदावरचा सौदा असा आहे. तीन वर्षांत माझ्या खिशात साधारण 2 लाख 30 हजार जास्त राहतात. पण 37व्या महिन्यापासून हप्ता 37,132 होतो, म्हणजे साध्या कर्जापेक्षा दरमहा 2,419 जास्त, तेही 204 महिने. त्याचे होतात 4 लाख 93 हजार. व्याजदर जागचा हलला नाही असं धरलं तरी फरक 2 लाख 63 हजारांचा. हे मी सही करायच्या आधी एक्सेलमध्ये मांडलं होतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. सहा लाख जास्त मिळवण्याची ती किंमत होती.

जे मांडलं नव्हतं, ते नंतर कळलं.

2025मध्ये रेपो दर उतरला तसा माझा हप्ताही उतरला आणि ऑगस्टमध्ये बरोबर 25,000 झाला. घरी पेढे वाटले म्हणा ना! माझ्याच टीममधल्या एकाने नोव्हेंबर 2024 मध्येच, माझ्याच दराने 40 लाखांचं साधं कर्ज घेतलं होतं. त्याचा हप्ता 34,713च राहिला, फक्त मुदत कमी झाली. परवा दोघांनी स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवली. त्याचं मुद्दल एक लाखाहून जास्त फिटलंय. माझ्याकडे स्वतःहून जादा भरलेली रक्कम सोडली तर त्या रकान्यात ओळीने शून्य. दर घटल्याचा फायदा माझ्या स्विगीच्या बिलात गेला. आणि दर वाढला तर? त्याच्या हप्त्यात मुद्दलाचा भाग आहे, त्यामुळे मुदत वाढवून तो काही काळ निभावू शकतो. माझा हप्ता म्हणजे निव्वळ व्याज, त्यामुळे तीन वर्षांच्या आत वाढ झाली तर ती थेट खिशातून. 40 लाखांवर पाव टक्का म्हणजे महिन्याला 833.

सगळ्यात जास्त राग आला तो विम्यावर. कर्जासोबत ‘घ्यावाच लागतो’ असं सांगून दिलेल्या विम्याचा 92 हजारांचा एकरकमी प्रीमियम या 40 लाखांतच घातला होता. तसा तो सक्तीचा नसतो, हे मला उशिरा कळलं. साडेआठने धरलं तर तीन वर्षांत नुसत्या प्रीमियमवरचं व्याज 23 हजारांच्या वर. सप्टेंबरमध्ये कपाट आवरताना सर्टिफिकेट उघडलं, तर त्यातलं कव्हर पहिल्या महिन्यापासून घटत होतं, कारण तक्ता साध्या हप्त्यांचा लावलेला. तिसऱ्या वर्षाअखेर कव्हर 37 लाख 39 हजार आणि कर्ज 40 लाख. मला काही झालं तर मधले 2 लाख 60 हजार बाबांनी भरायचे; सहकर्जदार तेच आहेत. शाखेत विचारलं तर म्हणाले विमा कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली मास्टर पॉलिसी बँकेची आहे.

आता मी काय करतोय? फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर पार्ट पेमेंटला दंड नसतो, म्हणून वाचलेले 9-10 हजार दरमहा थेट मुद्दलात टाकायचं ठरवलं. पण आमच्या बँकेच्या ॲपमध्ये एका हप्त्याहून कमी रक्कम स्वीकारतच नाही. म्हणून पैसे वेगळ्या खात्यात साठवतो आणि तीन महिन्यांनी भरतो. दोनदा भरलेत, दर वेळी साधारण 27 हजार.

घेणाऱ्यांनी सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या कर्जाच्या अटींच्या पत्रकासोबतचा परतफेडीचा तक्ता मागून 37वी ओळ बघावी, आणि विम्याचा तक्ता तिच्याशेजारी ठेवावा. 28,333वरून 37,132 म्हणजे 31 टक्क्यांची उडी. त्यासाठी पगार वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढायला हवा. मला गेल्या एप्रिलमध्ये सहा टक्के मिळाले. पूर्ण हप्ता डिसेंबर 2027 पासून आहे; बाइकचं कर्ज त्याआधी फिटेल, एवढाच काय तो हात मोकळा.