विद्यापीठाचं जर्मन पोर्टल, सात महिन्यांनंतर

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जमिनीचा उतारा काढला की हातात कन्नड पहाणी येते. बाबांना कन्नड बोलता येतं, नीट वाचता येत नाही. पण कागदावर अंदाजानं बोट ठेवत ते पुढं सरकतात, कारण कन्नडमध्येही नोंदणीला नोंदणीच म्हणतात आणि दिनांकाला दिनांकच. अंदाजानं वाचायची ही सवय घेऊनच मी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला आलो. इथं तिनं मला एका पेपरला मुकवलं.

माझा कोर्स इंग्रजीत आहे, पोर्टल जर्मनमध्ये. वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण आहे, पण त्यानं फक्त मेनू बदलतात. आतल्या सूचना आणि परीक्षेची पानं जर्मनच राहतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ब्राउझरचं आपोआप भाषांतर चालू करून ठेवलं.

आपल्याकडं कॉलेजात नाव घातलं की परीक्षेचा फॉर्म कॉलेजच पुढं सरकवतं. इथं लेक्चरची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची वेगळी, आणि दोन्ही आपणच करायच्या. हे मला वेळेत कळलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी मी चारही पेपरांची नोंदणी केली, यादीत चारही नावांपुढं AN दिसलं. AN म्हणजे angemeldet, नाव नोंदलेलं.

दोन दिवसांनी तेच पान पुन्हा उघडलं. सांख्यिकीच्या पेपरासमोर एक बटण होतं, भाषांतरात ‘लॉग आउट’. काम झालं होतं, दाबलं. ‘तुम्हाला खरंच लॉग आउट करायचं आहे का?’ असं विचारलं, हो म्हटलं. ‘लॉग आउट यशस्वी’ आलं, लॅपटॉप मिटला. त्या बटणावर मूळ शब्द होता Abmelden. जर्मनमध्ये पोर्टलमधून बाहेर पडणं म्हणजे Abmelden आणि परीक्षेतून नाव काढून घेणं म्हणजेही Abmelden. Anmelden चंही तसंच, लॉग इनही तेच आणि नाव नोंदवणंही तेच. कुठला अर्थ घ्यायचा हे बटण पानावर कुठं आहे त्यावरून ठरतं. वरच्या पट्टीतलं बटण खात्याचं, पेपराच्या ओळीतलं त्या पेपराचं. भाषांतर करणाऱ्या ब्राउझरला ही जागा कळत नाही.

मुदत 15.12. होती. मला कळलं 8 जानेवारीला, परीक्षांची यादी छापताना. चारऐवजी तीनच ओळी! परीक्षा कार्यालयाला मेल केला, तर दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात Ausschlussfrist हा शब्द होता. म्हणजे अशी मुदत, जी उलटली की हक्कच संपतो, दंड भरूनही उघडत नाही. नशिबानं या विषयाची दुसरी तारीख मार्चअखेर होती. तोवर तोच अभ्यास उकरत बसलो. बाबांचा फोन आला, ‘‘काय करुलालास?’’ म्हणाले. पेपर मीच रद्द केला हे सांगायला दोन दिवस लागले.

भाषांतराची दुसरी करामत Rückmeldung या शब्दावर. मेलचा विषय भाषांतरात आला ‘अभिप्राय’, खाली मुदत. मला वाटलं शिक्षकांबद्दल मत मागतायत, राहू दे. प्रत्यक्षात विद्यापीठात Rückmeldung म्हणजे पुढच्या सेमिस्टरसाठी नाव कायम ठेवणं, आणि ते सेमिस्टरचे पैसे भरून होतं, माझ्याकडं 310 युरो. न भरलं तर आधी दंड आणि शेवटी Exmatrikulation, म्हणजे पटावरून नाव कमी. व्हिसा त्या नावावरच टिकलेला. शेजारच्या खोलीतल्या तेलुगू मुलानं हटकलं म्हणून वाचलो. त्यातही मुदत पैसे पाठवण्याची नसते, त्यांच्या खात्यात पोचण्याची असते. मी शुक्रवारी संध्याकाळी भरले, जमा झाले सोमवारी.

आता परीक्षेच्या पानावर मी भाषांतर बंदच ठेवतो. वहीच्या पुठ्ठ्यावर वीसेक जर्मन शब्द लिहिलेत, तेवढे पुरतात. प्रत्येक बदलानंतर नोंदवलेल्या परीक्षांची पीडीएफ उतरवून ओळी मोजतो आणि मुदतीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा. पोर्टलमधून वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरात घेता येतं, ती सोय खरंच चांगली आहे. पण त्यात फक्त लेक्चर येतात. मुदती येत नाहीत, त्या हातानंच घालाव्या लागतात.

बाकी तक्रार नाही. सात महिन्यांत पोर्टल एकदाच बंद पडलं, तेही सांगून. पाचपैकी तीन तारे. ओळीतल्या बटणावर नुसतं Abmelden न लिहिता पेपराचं नाव टाकलं असतं, तर चार दिले असते.