वयाचा पुरावा म्हणून काय चालतं: दहावीचं सर्टिफिकेट की जन्मदाखला, आणि दोन्हींत तारीख वेगळी असेल तर कोणता रस्ता धरायचा

दरवर्षी जाहिराती आल्या की हा प्रश्न येतोच, की माझ्या जन्मदाखल्यावर एक तारीख आहे आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरी, फॉर्मला कुठली टाकू? बहुतेकांसाठी उत्तर एकच आहे, दहावीची टाका. पण ते सगळ्यांना लागू नाही, आणि "मग दुरुस्ती करून घेऊ का" हा पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी कोण काय मागतं ते बघू. यूपीएससी ह्या बाबतीत एकदम कडक. नोटिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मॅट्रिक म्हणजे दहावीच्या किंवा समकक्ष सर्टिफिकेटवरचीच जन्मतारीख धरणार, आणि पुढे काय काय चालणार नाही त्याची यादीच असते: जन्मकुंडली, अॅफिडेविट, महापालिकेचा जन्माचा उतारा, सर्व्हिस रेकॉर्ड. म्हणजे नगरपालिकेचा शिक्का असलेला ओरिजिनल जन्मदाखला तिथे कुंडलीच्या रांगेत बसतो, हे बऱ्याच जणांना पटतच नाही. स्टाफ सिलेक्शनवालेही दहावीचंच धरतात. बँकांचं मात्र वेगळं आहे, आयबीपीएसच्या कागदपत्रांच्या यादीत सक्षम पालिका अधिकाऱ्याने दिलेला जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेलं दहावीचं सर्टिफिकेट, दोन्हींपैकी काहीही चालतं. एमपीएससी आणि सरळसेवेला दहावीचं सर्टिफिकेट हाच सगळ्यात सेफ कागद, तरी आपल्या जाहिरातीतली वयाच्या पुराव्याची ओळ वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका, कारण खात्याखात्याची भाषा बदलते.

आता कोणी म्हणेल मी बँकेचा फॉर्म जन्मदाखल्यावर भरतो आणि यूपीएससीचा दहावीवर. नियमात कदाचित बसेलही, पण डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला टेबलावर दहावी, आधार, टीसी सगळं एकत्र पडतं आणि समोरच्या माणसाला दोन तारखा दिसल्या की तो फाईल बाजूला ठेवतो. एका माणसाने एकच तारीख चालवावी हे माझं ठाम मत आहे.

अजून एक गैरसमज सध्या जोरात फिरतोय, "नवीन कायद्याने आता फक्त जन्मदाखलाच चालतो." अर्धवट खरं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा, त्यात 2023 ला दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. शाळाप्रवेश, लायसन्स, मतदारयादी, सरकारी नोकरी वगैरेसाठी जन्मदाखला हा पुरावा, हे खरं, पण ते 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. ती मुलं अजून बालवाडीच्या वयाची आहेत. आज अभ्यासिकेत बसलेल्या कोणालाही ह्या कलमाचा फायदा नाही आणि तोटाही नाही, त्यामुळे ती बातमी घेऊन कोणाशी भांडायला जाऊ नका.

तारखा वेगळ्या होतात कशा? आपल्याकडचा सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे 1 जून. कुठल्याही गावात विचारा, एका वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जून निघेल. शाळेत नाव घालायला आजोबा किंवा काका घेऊन गेले, दाखला जवळ नव्हता, गुरुजींनी वय बसवून 1 जून लिहून टाकलं, आणि तीच तारीख जनरल रजिस्टरमधून टीसीवर, टीसीवरून दहावीच्या फॉर्मवर आणि तिथून बोर्डाच्या सर्टिफिकेटवर गेली. दुसरा प्रकार म्हणजे चूक जन्मदाखल्यातच असते. ग्रामपंचायतीत नोंद उशिरा झाली आणि कळवलेल्या दिवसाचीच तारीख जन्माची म्हणून पडली, असं होतं.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. समजा मुलगी ओपनमधली, दहावीवर 1 जून 1993, जन्मदाखल्यावर 14 नोव्हेंबर 1993. यूपीएससी सिव्हिल सर्व्हिसेसला ओपनसाठी 1 ऑगस्टला वय 32 पूर्ण झालेलं चालत नाही, म्हणजे 2025 च्या परीक्षेला जन्म 2 ऑगस्ट 1993 च्या आधीचा नको. जन्मदाखल्याने ती बसते, दहावीने दोन महिन्यांनी बाहेर. आयोग दहावी बघणार, म्हणजे तिची शेवटची संधी 2024 लाच संपली, मग तिच्याकडे अटेम्प्ट शिल्लक असोत वा नसोत. तीच मुलगी राज्यसेवेला मात्र निवांत आहे, तिथे ओपनला 38 ची मर्यादा, पाच महिन्यांनी आज काही अडत नाही. आता ती राज्य सरकारी नोकरीला लागली असं धरू, 58 ला रिटायर होणारी. महिन्याच्या 1 तारखेला जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणजे दहावीप्रमाणे 31 मे 2051, जन्मदाखल्याप्रमाणे 30 नोव्हेंबर 2051. सहा महिन्यांचा पगार गेला. (दर 31 मे ला ऑफिसांमध्ये निरोप समारंभांची रांग का लागते ते आता कळलं असेल.)

तर तिच्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला, शाळेचं रेकॉर्ड आणि बोर्डाचं सर्टिफिकेट दुरुस्त करून घ्यायचं. दुसरा, जन्मदाखला बदलून दहावीशी जुळवायचा. तिसरा, दोन्ही आहेत तसे ठेवायचे आणि सगळीकडे दहावीचीच तारीख चालवायची.

पहिला रस्ता खरा, पण सगळ्यात खडतर. मुलगा शाळेत असतानाच अर्ज झाला तर हेडमास्तरांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो, जन्मदाखला जोडला की काम होण्याची शक्यता बरी असते. घरात कोणी आठवी-नववीत असेल तर आजच टीसी आणि जन्मदाखला शेजारी ठेवून बघा, ह्याच्याइतकं स्वस्त काम नाही. दहावी होऊन शाळा सुटली की दार जवळजवळ बंद, कारण माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली तारीख सहसा बदलत नाहीत, उघड दिसणारी लेखनिक चूक असेल तरच वाव. उघड चूक म्हणजे काय, तर पहिलीच्या प्रवेश रजिस्टरला 14-11 आहे आणि हायस्कूलने उतरवताना 11-11 केलं. म्हणून वकिलाकडे पळण्याआधी प्राथमिक शाळेत जा आणि पहिली नोंद झालेल्या रजिस्टरचा उतारा मागा. त्या उताऱ्यावर जन्मदाखल्याची तारीख असेल तर तुमची केस मजबूत, तो उतारा घेऊन हायस्कूल आणि मग विभागीय मंडळ. तिथेही 1 जूनच असेल तर ती लेखनिक चूक नाही, घरच्यांनीच सांगितलेली तारीख आहे असं समजलं जाणार, आणि मग उरतं कोर्ट. दिवाणी दाव्याला मुदत असते, तारीख चुकलीये हे कळून वर्षानुवर्षं गप्प बसलात तर कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारणार. सीबीएसईवाल्यांसाठी थोडं बरं, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक कागदाच्या आधारे दुरुस्तीचा रस्ता मोकळा ठेवायला सांगितलं, पण तोही अर्ज बोर्डाकडेच करावा लागतो.

आणि एवढं सगळं करून एक मेख आहेच. यूपीएससी फॉर्म भरतानाच्या दिवशी सर्टिफिकेटवर जी तारीख आहे तीच धरते, नंतर बदल मान्य करत नाही, आणि आयोगाकडे एकदा एका परीक्षेसाठी दिलेली तारीख पुढच्या कुठल्याच परीक्षेला बदलता येत नाही. म्हणजे बारावीत असताना कोणी सहज म्हणून एनडीएचा फॉर्म भरला असेल तर तिथे दिलेली तारीख कायमची. त्यामुळे पहिला रस्ता फक्त त्यांच्यासाठी जे अजून आयोगाच्या कुठल्याच फॉर्मवर आलेले नाहीत आणि ज्यांच्याकडे शाळेच्याच रेकॉर्डमधला पुरावा आहे. वरच्या उदाहरणातल्या मुलीने आधी अटेम्प्ट दिलेले असतील तर तिने ह्यात एक रुपया घालू नये.

दुसरा रस्ता सोपा वाटतो. जन्मनोंद चुकीची असेल तर कायद्याच्या कलम 15 खाली निबंधक ती दुरुस्त करू शकतो, मूळ नोंद न खोडता समासात. किरकोळ लेखनचूक असेल तर तो खात्री करून करतो, पण तारखेसारखी मूळ बाब असेल तर खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं घोषणापत्र लागतं. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड असेल तर उत्तम. पण हा रस्ता जन्मदाखलाच खरोखर चुकलाय त्यांच्यासाठीच आहे. 14 नोव्हेंबर खरी असताना केवळ दहावीशी जुळावं म्हणून 1 जून करून घेणं म्हणजे दोन माणसांना खोटं लिहून द्यायला लावणं, आणि यूपीएससीला त्या दाखल्याची गरजही नाही. कशाला?

तिसरा रस्ता दिसायला काहीच न केल्यासारखा, पण माझ्या मते दहापैकी आठ जणांनी हाच घ्यावा. दहावीची तारीख पक्की, आणि आधार, पॅन, पासपोर्ट, बँक तिच्याशी जुळवून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, त्यामुळे आधी ठरवा आणि मग केंद्रावर जा, घाईत जन्मदाखला पुढे केलात तर ती संधी चुकीच्या तारखेवर खर्च होईल. आणि आधार स्वतः जन्मतारखेचा पुरावा नाही हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये सांगितलंय, तेव्हा "आधारवर तर बरोबर आहे" ह्याला व्हेरिफिकेशनच्या टेबलावर किंमत नाही. दहावीचं म्हणजे जन्मतारीख छापलेलं बोर्डाचं सर्टिफिकेट बरं का, नुसती मार्कलिस्ट नेऊन हात हलवत परत येणारे दर भरतीला दिसतात.

राजपत्राबद्दल विचारणारे खूप असतात. राज्याच्या राजपत्रात जन्मतारीख बदलाची जाहिरात देता येते, पैसे भरले की छापून येते, एजंट तर दोन दिवसांत करून देतो म्हणतात. पण त्याने बोर्डाचं सर्टिफिकेट बदलत नाही, आणि आयोग बघणार बोर्डाचंच. अॅफिडेविटचंही तेच. नाव बदलायला राजपत्राचा उपयोग होतो, म्हणून लोकांना वाटतं तारखेलाही होईल.

नोकरीला लागल्यावर बघू असं म्हणणाऱ्यांसाठी: सेवापुस्तकातली तारीख बदलायचा अर्ज रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, राज्यात आणि केंद्रातही, आणि चूक लेखनिक होती हे दाखवावं लागतं. केंद्राच्या नियमात पुढे असंही आहे की बदललेल्या तारखेने तुम्ही त्या वेळी दिलेल्या परीक्षेला अपात्र ठरत असाल तर बदल होणार नाही. म्हणजे परीक्षेला एक तारीख आणि पेन्शनला दुसरी, हा जुगाड तिथेही बसत नाही.