डॉ. एस. झेड. कासीम यांचे सहलेखक काळानुसार शोधताना: ओपनॲलेक्स, स्कॉलर की एनआयओचा संग्रह?

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे (एनआयओ) कासीम १९७४ ते १९८१ संचालक होते. त्याआधी १९७० पासून सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संचालक, आणि १९८१ पासून दिल्लीत केंद्र सरकारचे सचिव. टप्पे स्पष्ट आहेत. कोणत्या टप्प्यात कोण बरोबर होतं, हे कुठे बघायचं एवढाच प्रश्न.

झटपट यादी हवी असेल तर ओपनॲलेक्स हा शोधनिबंधांचा खुला डेटाबेस. आधी त्यांच्या नावाने शोधून लेखक-क्रमांक घ्या. त्यांच्या नावाच्या दोन-तीन नोंदी निघू शकतात, कारण कुठे नुसती आद्याक्षरं छापलेली असतात, कुठे पूर्ण नाव. सगळे क्रमांक उभ्या रेघेने जोडा आणि वर्षं घाला:

```
https://api.openalex.org/works?filter=authorships.author.id:A1|A2,publication_year:1974-1981&group_by=authorships.author.id
```

A1, A2 च्या जागी खरे क्रमांक. उत्तरात प्रत्येक सहलेखकापुढे एकत्र निबंधांची संख्या येते. यादीत कासीम स्वतःही असतात, ते वगळा. क्रमांक जोडण्यापूर्वी प्रत्येक नोंदीतले सर्वांत जुने आणि सर्वांत नवे निबंध उघडून बघा. मासे, प्लवक, खाडी सोडून भलताच विषय दिसला तर तो दुसरा कासीम.

पण ही यादी छापल्याच्या वर्षावर चालते, आणि गफलत तिथेच होते. क्षारतेचा वनस्पती-प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर होणारा परिणाम, हा भट्टतिरी आणि देवसी यांच्याबरोबरचा निबंध ‘मरीन बायॉलॉजी’त १९७२ ला आला. वर्षावरून तो सीएमएफआरआयच्या टप्प्यात पडतो आणि भट्टतिरी तिथले सहकारी वाटतात. मात्र उष्ण कटिबंधातल्या खाडीच्या सेंद्रिय उत्पादनावरच्या १९६९ च्या निबंधात कासीम, वेलर्सहाउस आणि आबिदी यांच्याबरोबर भट्टतिरींचं नाव आहेच. म्हणजे ही जोडी कासीम संचालक होण्याच्या आधीची. मांडवी-जुवारीच्या पर्यावरणीय गुणधर्मांवरचा सेन गुप्ता यांच्याबरोबरचा निबंध १९८१ चा. साल दिल्लीला जाण्याचं, पण विषय गोव्याचा; तो सचिवपदाच्या रकान्यात टाकणं चूक.

मग वर्षाऐवजी संस्थेवरून गाळलं तर? तेही पुरत नाही. एनआयओ १९६६ ची आणि तिचं प्रादेशिक केंद्र कोचीत. त्यामुळे निबंधावर संस्थेचं नाव असलं म्हणून काम गोव्यात झालं असं होत नाही, आणि डेटाबेस दोन्ही केंद्रं बहुतेकदा एकाच संस्थेखाली धरतो. पहिल्या पानावर लेखकांच्या नावाखाली शहर छापलेलं असतं, तेच ग्राह्य धरा. तळटीपेत ‘सध्याचा पत्ता’ वेगळा असेल तर काम जुन्या जागी झालं असं समजा.

गूगल स्कॉलरमध्ये `author:"sz qasim"` टाकून वर्षांची मर्यादा घालता येते. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, नसलेलं जुनं साहित्य इथे जास्त सापडतं, पण सहलेखकांची मोजदाद मिळत नाही. एकेक नाव हाताने उतरवावं लागतं. प्रोफाइलच्या कडेला दिसणारे सहलेखक त्या त्या व्यक्तीने स्वतः जोडलेले असतात, त्यामुळे जुन्या पिढीच्या शास्त्रज्ञांसाठी तो रकाना निरुपयोगी. स्कॉलर हे राहून गेलेलं टिपण्यासाठीच वापरावं.

गोव्याच्या टप्प्यासाठी आमची पहिली पसंती एनआयओचा स्वतःचा संग्रह, `drs.nio.org`. ‘महासागर’ हे संस्थेचं बुलेटिन किंवा चर्चासत्रांचे खंड डीओआयवर अवलंबून असलेल्या यादीतून सहज निसटतात, ते इथे शोधावेत. लेखकाच्या नावाने यादी उघडा. एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर प्रत्येकावर टिचकी मारा. सीएमएफआरआयच्या टप्प्यासाठी `eprints.cmfri.org.in`. तिथे १९७३ चा, सागरी माशांच्या परिपक्वतेचा आढावा घेणारा त्यांचा एकट्याचा निबंधही लक्षात घ्या. संचालकाच्या काळात सहलेखकांची संख्या कमी दिसली तर माणसं नव्हती असं नसतं. आढावे एकट्याने लिहिले जातात.

तिसऱ्या टप्प्यात मात्र यातलं काहीच पुरेसं नाही. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे कासीम नेते होते आणि पथक २१ जणांचं. हे सगळे सहकारी, पण त्यातले बरेचसे सहलेखक म्हणून भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी मोहिमेचा छापील अहवाल बघावा. तसंच नमुने गोळा करणारे तंत्रज्ञ: त्यांची नावं निबंधाच्या शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात सापडतात, लेखकांच्या यादीत क्वचितच.

स्मरणिकेसाठी दहा-बारा नावं पुरत असतील तर ओपनॲलेक्स आणि त्यावर पहिल्या पानांची पडताळणी एवढंच करा. चरित्र किंवा प्रबंध लिहायचा असेल तर सुरुवात दोन्ही संस्थांच्या संग्रहांपासून करा. प्रत्येक निबंधासाठी छापल्याचं वर्ष, पत्त्यातलं शहर आणि नमुने घेतल्याचा काळ असे तीन वेगळे रकाने ठेवा. टप्पा ठरवताना आधी तिसरा रकाना बघा, तो रिकामा असेल तर दुसरा. नुसतं वर्षच हाती असेल त्या निबंधापुढे प्रश्नचिन्ह टाका.