कमांड-शिफ्ट-४ की कमांड-शिफ्ट-५? मॅकवर हवा तेवढाच चौकोन टिपताना

मॅकवर स्क्रीनशॉट घेणाऱ्या बहुतेकांच्या बोटांना कमांड-शिफ्ट-४ची सवय असते. अधिकचं चिन्ह येतं, चौकोन ओढायचा, बोट उचललं की फाइल डेस्कटॉपवर हजर. २०१८ साली मोहावे आवृत्तीबरोबर कमांड-शिफ्ट-५ आलं. त्याने खाली एक पट्टी उघडते, तिच्यात पडद्याचा भाग निवडायचं बटण असतं, आणि बऱ्याच जणांचा समज असा की हे मुख्यतः स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी आहे. माझाही कल बरीच वर्षं चारकडेच होता. आता तो पाचकडे झुकलाय. का, ते सांगतो. पण चारची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही.

चारचा वेग पाचला नाही. तीन कळा, एक ओढ, काम झालं. सोबत कंट्रोल दाबलात तर फाइल बनतच नाही, चित्र थेट क्लिपबोर्डवर जातं आणि मेलमध्ये किंवा चॅटमध्ये कमांड-व्ही केलं की उमटतं. सहकाऱ्याला "ही एरर बघ" एवढंच दाखवायचं असेल तर याहून सोपं काही मला तरी माहीत नाही. उघडलेला मेनू टिपायलाही चार बरं: मेनू उघडा ठेवून कळा दाबायच्या आणि हव्या तेवढ्या ओळींवरून चौकोन ओढायचा.

शिवाय ओढता ओढता दुरुस्तीची सोय आहे, ती अनेकांना माहीत नसते. चौकोन अर्धा ओढून झालाय आणि सुरुवातीचा कोपरा थोडा चुकलाय असं दिसलं, तर बोट न उचलता स्पेसबार दाबून धरा. आकार गोठतो आणि अख्खा चौकोन सरकवता येतो. स्पेसबार सोडला की पुन्हा आकार बदलता येतो. शिफ्ट धरलं तर एकाच दिशेने वाढतो, ऑप्शन धरलं तर मध्यबिंदूपासून दोन्हीकडे फुलतो. मन बदललं तर एस्केप. शेजारी दिसणारे आकडे आधी जागेचे असतात, ओढायला लागलं की रुंदी आणि उंचीचे होतात. फक्त ते पॉइंटमध्ये असतात. रेटिना पडद्यावर ४०० बाय ३०० दिसलं तर फाइल ८०० बाय ६०० पिक्सेलची निघते. ठरावीक पिक्सेल मापाचं चित्र कोणी मागितलं असेल तर हे लक्षात ठेवावं लागतं.

एवढं सगळं असून माझं बिनसलं ते एका गोष्टीवरून. चारमध्ये बोट उचलणं हाच कॅमेऱ्याचा खटका आहे.

म्हणजे चौकोन नीट बसला की नाही हे बघायला वेगळा क्षण मिळत नाही. मांडणी आणि टिपणं एकाच हालचालीत उरकतं. ट्रॅकपॅडवर हे जास्त छळतं: खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता बोट ट्रॅकपॅडच्या काठाला लागतं, आणि दाब किंचित सैल झाला की चित्र निघालंच. उघडून बघावं तर खालची कड दोन पॉइंट आधीच कापलेली, किंवा उलट, मागच्या खिडकीची बारीक पट्टी कडेला डोकावतेय. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण चारला आधीचा चौकोन आठवत नाही. तीन बोटांनी ओढायची सोय सुरू केलेली असेल तर गंमत आणखीच: बोटं उचलल्यावरही मॅक क्षणभर थांबतो, तुम्ही तेवढ्यात पुन्हा हात लावता आणि चौकोन हलतो. माउस वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होत असावा, हे मान्य. मी बहुतेक वेळ लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर असतो, म्हणून माझं मत तसं बनलंय.

पाचमध्ये मांडणी आणि टिपणं वेगळं आहे. कळा दाबल्या की चौकोन पडद्यावर येतो आणि थांबून राहतो. आत धरून सरकवा, कडा आणि कोपरे ओढून बसवा, बोट कितीही वेळा उचला. मनासारखं झालं की Return दाबा किंवा पट्टीवरचं Capture. आणि मुख्य म्हणजे Options मध्ये Remember Last Selection सुरू असेल तर पुढच्या वेळी तोच चौकोन त्याच जागी हजर होतो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा एखादा अर्ज कसा भरायचा हे सहा टप्प्यांत दाखवायचंय. खिडकी एकच, जागा तीच, फक्त आतला मजकूर बदलतो. चारने सहा वेळा ओढलंत तर पहिलं चित्र ६४२ बाय ४१८, दुसरं ६४५ बाय ४१५, तिसरं आणखी काही, असं होतं. एकेक चित्र सुटं बघितलं तर काहीच खटकत नाही. पण दस्तऐवजात एकाखाली एक लावा किंवा सादरीकरणात एकामागून एक पुढे सरकवा: शीर्षक थोडं वर उडतं, बटण थोडं डावीकडे जातं, आणि बघणाऱ्याचं लक्ष नेमक्या बदललेल्या रकान्याऐवजी त्या हलण्याकडे जातं. चित्रं एकाच रुंदीला बसवायला गेलात तर अक्षरांचा आकारही चित्रागणिक किंचित बदलतो.

पाचने हेच करायचं तर पहिल्या टप्प्याला चौकोन निवांत बसवायचा, चारही बाजूंना सारखी मोकळी जागा ठेवायची आणि Return. मग अर्जाचा पुढचा रकाना भरायचा, कमांड-शिफ्ट-५, Return. मधे ट्रॅकपॅडला चौकोनासाठी हात लावायचाच नाही. सहाही चित्रं एका मापाची, एका जागेची निघतात. पहिल्या चित्राला चारपेक्षा जास्त वेळ लागतो, दुसऱ्यापासून मात्र मला पाचच वेगवान वाटतं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण हाताला ते कळतं.

पाचचे नखरेही सांगायला हवेत. पट्टीला शेवटचा प्रकार आठवतो, आणि त्यात रेकॉर्डिंगही आलं. मागच्या वेळी पडद्याचा व्हिडिओ केला असेल तर आज Return दाबल्यावर चित्राऐवजी रेकॉर्डिंग सुरू होतं. ओळखायची खूण सोपी आहे: उजवीकडच्या बटणावर Capture ऐवजी Record लिहिलेलं असतं. दुसरं, Options मधला पाच किंवा दहा सेकंदांचा टायमर. बटणावर पॉइंटर नेल्यावर उमटणारी सूचना टिपायची असेल तर तो कामाचा, कारण Capture दाबून सावकाश पॉइंटर तिथे नेता येतो. पण काम झाल्यावर तो None वर आणावा. नाहीतर पुढच्या वेळी Return दाबून काहीच घडलं नाही असं वाटतं, आपण कंटाळून दुसरी खिडकी पुढे आणतो आणि नेमकी तीच टिपली जाते.

तिसरी मर्यादा खरी आहे. लक्षात राहतो तो एकच चौकोन. सहा टप्प्यांच्या मधेच पाचनेच पडद्यावरचं दुसरं काही टिपलंत तर जुना चौकोन गेला, आणि तो डोळ्यांनी तंतोतंत परत बसवणं कठीण. तीच जागा दुसऱ्या दिवशीही लागणार असेल तर मी टर्मिनलकडे वळतो. चारच्या कळा दाबून पॉइंटर डाव्या वरच्या कोपऱ्यावर न्यायचा, दिसणारे दोन आकडे टिपून घ्यायचे, मग ओढून रुंदी-उंची वाचायची आणि बोट न उचलता एस्केप दाबायचं. समजा २४०, १८० आणि ९००, ५६० मिळाले, तर:

```
screencapture -x -R240,180,900,560 ~/Desktop/step1.png
```

`-x` मुळे आवाज होत नाही. यात मिळालेल्या चित्रात खिडकीऐवजी नुसता वॉलपेपर दिसला तर समजायचं की टर्मिनलला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नाही. ती Privacy & Security मध्ये द्यावी लागते. अर्थात रोजच्या कामाला हा खटाटोप कशाला. महिन्यातून कधीतरी पुरे.

खालच्या उजव्या कोपऱ्यात तरंगणारं छोटं चित्र हा दोघांचाही सामायिक वैताग. ते दिसतंय तोवर फाइल डेस्कटॉपवर आलेलीच नसते, आणि घाईत असलेला माणूस ती शोधत बसतो. उजवीकडे ढकललं की लगेच जतन होतं, किंवा ते चित्रच धरून थेट दस्तऐवजात सोडता येतं. ज्यांना नकोच आहे त्यांनी Options मध्ये Show Floating Thumbnail बंद करावं. हे आणि Save to मधलं फोल्डर चारलाही लागू होतं, म्हणजे चारच वापरायचं ठरवलंत तरी एकदा पाच उघडून या दोन गोष्टी लावून घेणं फायद्याचं.

तर निवड कशी करावी? टाकाऊ चित्रं, म्हणजे दाखवलं आणि विसरलं अशी, हेच तुमचं नव्वद टक्के काम असेल तर चार सोडायचं कारण मला दिसत नाही. स्पेसबारची युक्ती शिकून घ्या, बास. पण चित्र कुठेतरी छापलं जाणार असेल, मालिकेत बसणार असेल, किंवा कडेला दुसऱ्याचा मजकूर डोकावलेला चालणार नसेल, तर माझ्या मते पाचची सवय लावून घ्यावी. सुरुवातीचे काही दिवस ती पट्टी आडवी आल्यासारखी वाटेल, तेवढं सोसावं.

अडचण एवढीच की बोटं सवयीने चारवरच जातात. म्हणून मी कळांची अदलाबदल केली आहे. System Settings मध्ये Keyboard, तिथे Keyboard Shortcuts आणि त्यात Screenshots उघडलं की पूर्ण यादी दिसते. निवडलेला भाग फाइल म्हणून जतन करणाऱ्या ओळीपुढची खूण काढली आणि कमांड-शिफ्ट-४ हा संच शेवटच्या, पट्टी उघडणाऱ्या ओळीला दिला. खूण काढायची राहिली तर एकच संच दोन ठिकाणी झाल्याचं पिवळं त्रिकोणी चिन्ह दिसतं, त्यावरून कळतं. कंट्रोलसकटचा क्लिपबोर्डवाला संच वेगळ्या ओळीत असतो, त्याला हात लावलेला नाही. चॅटमध्ये एरर चिकटवायला तो अजून रोज लागतो.