टाकी अर्धी भरली, अहवाल पूर्ण भरल्याचा दिला

इंदूरला सोळा कुटुंबांनी मिळून प्लॉट घेतला आणि इमारत बांधली. नर्मदेचं पाणी आमच्या भागात एक दिवसाआड येतं. नळ चार-पाच दिवस आलाच नाही तरी अडू नये म्हणून पार्किंगखाली आरसीसीची भूमिगत टाकी घेतली. आतून पाच मीटर बाय चार मीटर, पाण्याची उंची तीन मीटर, म्हणजे साठ हजार लिटर. या टाकीच्या गळती चाचणीत आम्ही फसवले गेलो. फसवणूक अशी होती की अहवालातले रोजचे आकडे बहुधा खरेच असावेत. म्हणूनच ती सविस्तर लिहिते आहे. अशी टाकी बांधून घेणाऱ्या कुणाच्याही हातात असाच कागद पडू शकतो.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि पाणीपुरवठ्याच्या टाक्यांचं काम करते. टाकीच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा माझी नेमणूक बाहेरगावी होती. साइटवर आम्ही पगारी सुपरवायझर ठेवला होता. ठेकेदाराकडे साहित्यासह काम होतं, फक्त पाण्याचे टँकर आमच्या खर्चाने. पुढे सगळं उलगडलं ते याच एका अटीमुळे.

आधी चाचणी कशी असते ते सांगते. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या टाकीच्या भिंती बाहेरून नंतर दिसत नाहीत, म्हणून माती भरण्यापूर्वीच ती तपासायची असते. आयएस ३३७० या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात हे स्पष्ट आहे: चाचणी होईपर्यंत भराव रोखून ठेवायचा. टाकी पूर्ण पातळीपर्यंत भरायची आणि सात दिवस तशीच ठेवायची. कोरडं काँक्रीट पाणी पितं, त्यासाठी ही मुदत असते. त्यानंतर पातळी नोंदवायची आणि पुढचे सात दिवस दर चोवीस तासांनी पुन्हा मोजायची. किती उतार चालेल ते प्रभारी अभियंत्याने ठरवायचं असतं. पण वरून स्लॅब असलेल्या भूमिगत टाकीत त्या सात दिवसांत एकूण उतार वीस मिलिमीटरच्या आत राहिला, तर साधारणपणे ती पाणबंद धरतात.

आमच्या अहवालात सात ओळींचा तक्ता होता. रोजचा उतार १, १, २, १, १, १, १, एकूण आठ मिलिमीटर. खाली ‘टाकी पूर्ण भरून चाचणी घेतली, समाधानकारक’ असं लिहून सुपरवायझरची सही. सोबत मॅनहोलमधून काढलेले दोन फोटो. अहवालाच्या जोरावर टाकीचा हप्ता निघाला आणि पाऊस तोंडावर आहे असं सांगून ठेकेदाराने लगेच जेसीबी लावून चारही बाजूंनी माती भरली.

नर्मदेचं कनेक्शन मिळाल्यावर, कुणी राहायला येण्याआधी, टाकी पहिल्यांदा काठोकाठ भरली गेली. पंप अजून बसायचा होता, वापर शून्य. दोन आठवड्यांनी मी सुट्टीवर आले आणि टाकीत डोकावले, तर पाणी १.८ मीटरवर थांबलेलं. पुढचे दोन दिवस मोजलं, हललं नाही. मग पुन्हा भरून पाहिलं. पहिल्याच दिवशी १८० मिलिमीटर उतरलं. तळाचं क्षेत्रफळ वीस चौरस मीटर असल्याने एक मिलिमीटर म्हणजे वीस लिटर, म्हणजे एका दिवसात छत्तीसशे लिटर पाणी मातीत गेलं. रोज वेग कमी होत गेला आणि पुन्हा त्याच १.८ मीटरला पाणी स्थिर झालं.

हे लक्षण नीट समजून घ्या. गळतीचा वेग गळणाऱ्या जागेवर किती उंच पाणी आहे त्यावर ठरतो. पातळी खाली येते तसा दाब कमी होतो, गळती मंदावते आणि पाणी त्या जागेपर्यंत आलं की थांबते. म्हणून पाणी जिथे थांबतं तिथेच, किंवा त्याच्या किंचित वर, दोष शोधायचा. आमच्या टाकीची भिंत दोन टप्प्यांत ओतली होती आणि दोन्ही ओतिवांमधला आडवा सांधा बरोबर १.८ मीटरवर होता.

मग प्रश्न आला की चाचणीत आठच मिलिमीटर उतार कसा? टाकी तीच, सांधा तोच. मी अहवाल बाजूला ठेवला आणि टँकरची बिलं काढली. सहा हजार लिटरच्या टँकरने साठ हजार लिटर भरायला दहा टँकर लागतात. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात पाच टँकर आले होते. तीस हजार लिटर भागिले वीस चौरस मीटर, म्हणजे दीड मीटर. पाणी सांध्याच्या तीस सेंटिमीटर खाली होतं. त्या पातळीला टाकी खरोखरच पाणबंद होती आणि मोजमापही खरं आलं असावं. खोटा होता तो ‘पूर्ण भरून’ हा एकच शब्दप्रयोग.

ठेकेदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भिया लोगों ने हिसाब गलत लगाया, बाकी पानी बोर का था.” बोअर तेव्हा खणलेलं होतं, हे खरं. पण मोटार बसवल्याच्या बिलावरची तारीख चाचणीनंतर सव्वा महिन्याची होती. वीजमीटरही त्यानंतरच आला. मग मी अहवालातला फोटो मोठा करून त्याच्यासमोर ठेवला. पाण्याच्या वर, भिंतीवर आडवी फिकट रेघ स्पष्ट दिसते: शटरिंग जिथे संपलं आणि दुसरं ओतीव जिथे सुरू झालं, तोच सांधा. पूर्ण भरलेल्या टाकीत तो १.२ मीटर पाण्याखाली असायला हवा होता. त्यावर सुपरवायझर मान खाली घालून म्हणाला, “ताई, त्यांनी सांगितलं की खालचा सांधाच महत्त्वाचा असतो, वरचं पाणी वाया कशाला घालवायचं.” त्या पोराला चाचणीतलं काही माहीत नव्हतं, आणि ठेकेदाराला ते पक्कं ठाऊक होतं.

त्याने पाणी दीड मीटरवरच का थांबवलं, ते सांधा फोडल्यावर कळलं. भिंत आणि तळाच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, होता. मधल्या सांध्यात तो नव्हताच, बिलात मात्र दोन्ही सांध्यांच्या लांबीचा वॉटरस्टॉप लावला होता. शिवाय पहिल्या ओतिवाच्या माथ्यावर आलेली सिमेंटची कमकुवत साय छिन्नीने खरवडून काढलेली नव्हती. त्या पापुद्र्यावर लाकडाचा भुसा पडलेला आणि त्यावर सरळ दुसरं काँक्रीट. आपण काय वगळलं हे माहीत असलेल्या माणसाने ते पाण्याबाहेर राहील एवढंच पाणी भरलं. मला सर्वांत जास्त राग याचाच आला.

पाण्याचं नुकसान तर झालंच, पण इंदूरची काळी माती भिजली की फुगते. टाकीशेजारच्या पार्किंगच्या फरशा एका बाजूने उचलल्या गेल्या आणि कंपाउंडच्या भिंतीला तिरपा तडा गेला. ज्या फटीतून पाणी बाहेर जातं तिच्यातूनच, टाकी रिकामी आणि बाहेरची माती तुडुंब असताना, ते आतही येतं. आमच्या ड्रेनेजचा चेंबर टाकीपासून फार लांब नाही. हे ऐकल्यावर ‘थोडं गळतंय, चालवून घेऊ’ म्हणणारे आमच्यातलेच काकाही गप्प झाले.

दुरुस्ती आतून केली. सांध्याच्या बाजूने खाच कोरली, ठरावीक अंतरावर भोकं पाडून दाबाने ग्राउट भरलं आणि खाच पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने बंद केली. ज्या बाजूला तडा गेला होता तिथली माती उकरून भिंत बाहेरून उघडी ठेवली. खर्च राखून ठेवलेल्या अनामत रकमेतून वळता केला. ती रक्कम आमच्या हातात होती म्हणूनच हे जमलं.

मग चाचणी पुन्हा घेतली, या वेळी मी स्वतः उभी राहून. बाहेर जाणाऱ्या पाइपांवर नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबले नाही, पाइपाचं तोंड पूर्ण बंद करणाऱ्या ब्लँक फ्लँज लावल्या, कारण व्हॉल्व्ह झिरपला तर दोष भिंतीवर येतो. भिंतीत आतून खिळा ठोकून त्याच्या टोकापासून पाणी मोजलं. स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून खिळा किती खाली आहे तेही लिहिलं. त्यामुळे पाण्याची खरी उंची कुणालाही काढता येते. आधीच्या अहवालात फक्त उतार होता, सुरुवातीची पातळी कुठेच नव्हती. टाकीत सरळ काठांची बादली दगड घालून अर्धी बुडवून ठेवली. तिच्यातलं पाणी जेवढं कमी होईल तेवढं बाष्पीभवनाचं, ते एकूण उतारातून वजा करायचं. आमच्या बंद टाकीत ते नगण्य निघालं.

सात दिवस मुरू दिल्यावर आकडे आले ६, ५, ४, ३, ३, २, २. बेरीज पंचवीस, म्हणजे वीसच्या वर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नापास झाली, सोडून द्या. पण उतार रोज घटत होता. अशा वेळी आणखी सात दिवस मोजायची मुभा आयएस देते. पुढच्या आठवड्यात २, २, १, १, १, १, १, एकूण नऊ. उघड्या ठेवलेल्या भिंतीवर सांध्याच्या रेषेत एकदाही ओल दिसली नाही. उरलेल्या तीन बाजू मातीआड होत्या, त्यांच्याबद्दल हा उतार सांगतो तेवढंच मी सांगू शकते.

अहवालात लागोपाठ १, १, १ दिसले म्हणून समाधान मानू नका. आधी शोधा की पाण्याची सुरुवातीची उंची कशापासून मोजलेली आहे. लांबी-रुंदीने ती गुणा आणि टँकरच्या किंवा मीटरच्या पाण्याशी जुळते का ते पाहा. चाचणी सुरू करायच्या दिवशी भिंतीवरची ओतिवाची रेघ पाण्याखाली गेली आहे याचा फोटो, मोजपट्टी दिसेल असा, मागा. भरावाचा जेसीबी साइटवर बोलावण्याचा हक्क करारातच स्वतःकडे ठेवा, आणि टाकीचा हप्ता भरावानंतर नव्हे तर या कागदाच्या तपासणीनंतर द्या. आमच्या करारात आता ही दोन्ही कलमं आहेत. वरच्या टाकीचं काम त्याच ठेकेदाराकडे नाही.