दोन नोकऱ्या आणि 20 तासांची मर्यादा: ॲप की स्प्रेडशीट?

ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम करताना टर्मच्या काळात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि ही मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अडचण बेरजेची असते, कारण प्रत्येक ठिकाणच्या मॅनेजरला फक्त स्वतःकडचेच तास दिसतात. मास्टर्स करताना मी एका सुपरमार्केटमध्ये आणि विद्यापीठात काम करत होतो. त्या काळात तास मोजण्याचे मोबाइल ॲप आणि साधी स्प्रेडशीट, दोन्ही वापरून पाहिली.

नोंदीच्या सोयीत ॲप नक्कीच सरस आहे. शिफ्ट सुरू होताना आणि संपताना बटण दाबले की झाले; मॅनेजरने अर्धा तास जास्त थांबवले, तर तोही आपोआप धरला जातो. स्प्रेडशीटमध्ये हे सगळे हाताने भरावे लागते आणि थकून घरी आल्यावर त्याचा कंटाळा येतो.

नियमातला आठवडा मात्र सोमवार ते रविवार असा असतो आणि एका आठवड्यातले जादा तास पुढच्या आठवड्यात कमी काम करून भरून काढता येत नाहीत. आमच्या सुपरमार्केटचा रोटा रविवारी सुरू होई. समजा, मंगळवारी विद्यापीठात 4 तास, बुधवारी आणि शुक्रवारी दुकानात प्रत्येकी 5 तास काम झाले आणि रविवारी 8 तासांची दिवसपाळी आली. दुकानाच्या हिशेबात ती नव्या आठवड्याची पहिली पाळी ठरते. नियमाप्रमाणे मात्र ती याच आठवड्यात धरून बेरीज 22 होते. आठवड्याचा पहिला दिवस सोमवार ठेवला की इथवर ॲपही बरोबर चालते.

माझा निर्णय ठरला तो रविवारच्या रात्रपाळीमुळे. रात्री 10 ते सकाळी 6 या पाळीचे फक्त 2 तास सरत्या आठवड्याचे असतात, उरलेले 6 सोमवारचे. मी वापरलेले ॲप मात्र आठही तास रविवारच्याच खात्यात टाकत असे. त्यामुळे वरच्या उदाहरणात दिवसपाळीऐवजी ही रात्रपाळी घेतली, तर खरी बेरीज 16 असताना ॲप 22 दाखवते. ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. खरा धोका पुढच्या आठवड्यात असतो: तिथे आणखी 16 तासांच्या शिफ्ट घेतल्या, तर ॲपवर 16 दिसतात, पण प्रत्यक्षात 22 झालेले असतात.

स्प्रेडशीटमध्ये मी अशा पाळीच्या दोन ओळी करत असे, एक रविवारची आणि एक सोमवारची. A मध्ये तारीख, B मध्ये ठिकाण, C मध्ये तास आणि D मध्ये त्या आठवड्याचा सोमवार:

```
=A2-WEEKDAY(A2,3)
=SUMIFS(C:C,D:D,D2)
```

पहिले सूत्र D2 मध्ये आणि दुसरे E2 मध्ये घालून खाली ओढायचे. ठरलेल्या पण अजून न झालेल्या शिफ्टही आधीच भरून ठेवता येतात, त्यामुळे मॅनेजरने जादा पाळी विचारली की होकार देण्यापूर्वीच बेरीज समोर असते.

तुमच्या दोन्ही नोकऱ्या दिवसाच्याच असतील, तर ॲप पुरेसे ठरू शकेल. रविवारी रात्री काम असेल, तर निदान माझ्या अनुभवावरून मी स्प्रेडशीटच सुचवेन.