फक्त नँड गेट वापरून हाफ ॲडर: ७४एलएस०० घ्यावी की ४०११?

दोन्ही आयसींत दोन इनपुटांचे चार नँड गेट असतात, किंमतही किरकोळ. ऑनलाइन शोधताना 74LS00 आणि CD4011BE असं टाइप केलं की दोन्ही सापडतात. कागदावर ट्रुथ टेबल एकच, त्यामुळे फरक कळतो तो ब्रेडबोर्डवर, तोही जोडणी चुकल्यावर. उदाहरणाला हाफ ॲडर घेऊ.

```
P = NAND(A, B)
Q = NAND(A, P)
R = NAND(B, P)
बेरीज = NAND(Q, R)
हातचा = NAND(P, P)
```

पहिल्या चार गेटचा एक्सॉर होतो आणि एक आयसी नेमकी संपते. हातच्यासाठी पाचवं गेट लागतं, म्हणून दुसरी आयसी घ्यावीच लागते.

आता P पासून R च्या गेटकडे जाणारी वायर राहून गेली असं समजा. एलएसमध्ये मोकळी इनपुट पिन १ धरली जाते, म्हणून R म्हणजे नुसता B चा उलटा. A, B ला ००, ०१, १० देऊन पाहा, बेरजेच्या ओळीत ०, १, १ अगदी बरोबर येतात. फक्त ११ ला ० ऐवजी १ येतो. एक्सॉरचा ऑर झाला, पण एलईडी इतका ठाम जळतो की माणूस वायर सोडून आपल्या आकृतीतच चूक शोधत बसतो. शेवटची ओळ तपासलीच नाही, तर सर्किट पास!

४०११ मध्ये हीच वायर राहिली तर B शून्य असताना काही कळत नाही. पण B ला १ दिला की A काहीही असो, बेरजेचा एलईडी त्या मोकळ्या पिनच्या मर्जीवर चालतो. हात जवळ नेला की लुकलुकतो, वायर हलवली की बदलतो. म्हणजे बिघाड B च्या बाजूला आहे हे आयसीच सांगते. अर्थात दर वेळी नाही. कधी ती पिन मुकाट्याने ० किंवा १ वर बसून राहते, तेव्हा संशयित पिनला बोट लावून बघावं.

माझा कौल इथेच ४०११ कडे झुकतो. शिकताना ठामपणे खोटं सांगणाऱ्या आयसीपेक्षा गोंधळलेली बरी.

दुसरा त्रास स्विचचा. इनपुट १० किलोओमने ग्राउंडला आणि स्विचने प्लसला, ही सवयीची जोडणी ४०११ ला बिनबोभाट चालते. एलएसच्या प्रत्येक इनपुटमधून ० वर असताना ०.४ मिलिअँपपर्यंत करंट बाहेर येतो. १० किलोओमवर ती पिन खाली येतच नाही, स्विच दाबा न दाबा, १ च. हाफ ॲडरमध्ये A दोन गेटना जातो, म्हणजे करंट ०.८ मिलिअँपपर्यंत. तिथे ४७० ओम लावले तर व्होल्टेज ०.४ च्या आत राहतं आणि शून्य हा शून्य वाचला जातो.

सप्लायला एलएसला नेमके ५ व्होल्ट हवेत, ४०११ चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालते. मात्र तिचं आउटपुट अशक्त, म्हणून एलईडीला ४.७ किलोओम लावावा. उजेड मंद पडतो, पण P वर एलईडी लावून पाहिला तरी पुढच्या गेटचा १ ढासळत नाही.

४०११ ची खोडही सांगायला हवी. आठ गेटपैकी तीन रिकामे राहतात, त्यांचे सहाही इनपुट ग्राउंडला बांधावेच लागतात. मोकळे सोडले तर ते मधल्याच व्होल्टेजवर तरंगतात आणि बॅटरी विनाकारण उतरते. एलएसमध्ये ते तसेच ठेवले तरी सहसा निभावतं.

एलएसची आकृती बघून ४०११ बसवू नका. एलएसमध्ये दुसऱ्या गेटचे इनपुट ४ आणि ५, आउटपुट ६. ४०११ मध्ये इनपुट ५ आणि ६, आउटपुट ४. तिसऱ्या गेटलाही एलएसमध्ये ९, १० वरून ८, तर ४०११ मध्ये ८, ९ वरून १०. पहिलं आणि चौथं गेट सारखंच असल्यामुळे अर्धं सर्किट चालतं आणि संशय येत नाही. उरलेल्या अर्ध्यात एका गेटचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटला भिडू शकतं.

हाताशी मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट असतील आणि पुस्तकातली आकृती ७४०० ची असेल, तर 74HC00 हा मधला मार्ग. पिना एलएसच्या, मोकळ्या इनपुटचा स्वभाव ४०११ चा, १० किलोओमही चालतात. कोरी सुरुवात असेल तर मात्र मी दोन ४०११ आणि एक बॅटरीच सुचवेन.